शून्याच्या उजवीकडची टेकडी

दुपारचा तास संपवून खुर्चीत अंग टाकलं, तेवढ्यात मोबाइलवर फोटो आला. कृषी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवता शिकवता असले तिरपे, चकाकणारे फोटो बघून डोळ्यांचं पार वाटोळं झालंय माझ्या. पाठवणारी एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, डोंगराकडच्या मेंढपाळाच्या घरची. नव्या चाऱ्यानं कोकरांचं वजन जास्त वाढतं का, हा तिचा प्रबंध.

लॅपटॉपच्या पडद्याचा फोटो होता. एका बाजूला टेकडीसारखा वक्र, त्याचा मधला पंच्याण्णव टक्के भाग रंगवलेला, अख्खा शून्याच्या उजवीकडे, म्हणजे वजन वाढण्याच्या बाजूला. शेजारी नेहमीची आडवी रेघ, तिचं शेपूट मात्र शून्याच्या डावीकडे गेलेलं. टेकडी म्हणजे क्रेडिबल इंटरव्हल, रेघ म्हणजे कॉन्फिडन्स इंटरव्हल; पण दोन्हींना पोरीनं एकच नाव दिलं होतं: 'विश्वासाचा पल्ला'. अरे देवा!

पाठोपाठ ती स्वतःच आली. "सर, टेकडीच ठेवते. घरी आबाला बी सांगितलंय, वजन वाढणार, शंभरात पंच्याण्णव. आबा ज्वारी मोडून हाच चारा लावायचा म्हणतोय."

घरची वर्षाची भाकरी त्या ज्वारीवर. मी कंटाळून म्हटलं, "बस. मेंढ्या कोंडायचं जाळ्याचं वाघूर तुझ्या घरी रोज लागतं ना? खरी वाढ म्हणजे जमिनीत ठोकलेला खुंटा समज. रेघ म्हणजे वाघूर. प्रयोग पुन्हापुन्हा केला तर वाघूर दरवेळी वेगळ्या जागी पडेल, आणि शंभरात साधारण पंच्याण्णवदा खुंटा आत सापडेल. ती खात्री लावायच्या पद्धतीची. आज पडलेल्या वाघरात खुंटा आहे किंवा नाही, त्याचे टक्के रेघ सांगत नाही."

"आन् टेकडी?"

"ती सांगते. आधी ठाऊक असलेलं आणि आता दिसलेलं मिळून, खुंटा इथं असण्याची शक्यता पंच्याण्णव टक्के. पण आधीचं खरंच आधीचं पाहिजे. तू ते कुठून घेतलंस?"

"ह्याच कोकरांच्या सरासरीवरून."

मी कपाळावर हात मारला. तीच कोकरं दोनदा मोजली होती पोरीनं. टेकडी अरुंद होणारच! वाढीबद्दल आधी फारसं ठाऊक नाही असं धरून आम्ही पुन्हा गणित चालवलं. टेकडी पसरली. रंगवलेला पट्टा जवळजवळ रेघेएवढाच झाला आणि त्याची कड शून्य ओलांडून डावीकडे गेली.

"म्हणजे चारा वाया?" तिचा आवाज बारीक झाला.

"नाही गं. बरीचशी टेकडी अजून उजवीकडेच आहे. वाढत असावं. पण पीक मोडावं एवढी खात्री नाही. आकडे जुळले म्हणून अर्थ एक होत नाही, ती दोन नावं मात्र वेगळी कर."

तिनं तिथूनच घरी फोन लावला. "आबा, ज्वारी मोडू नगा. म्या चुकीचं सांगितलं."

पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला. "अगं, सकाळीच नांगर घातला की. तू शिकलेली, तू म्हणलीस म्हणून."

तिनं फोन ठेवला. मला लई वाईट वाटलं. पडद्यावर ती पसरलेली टेकडी तशीच होती. तिनं डोळे पुसले आणि विचारलं, "सर, चारा आता लावावाच लागंल. त्यावर वाढणारी नवी कोकरं मोजताना ह्या वर्षीची कोकरं 'आधीचं' म्हणून धरता येतील का?"

"येतील," मी म्हटलं.