बोर्डाच्या मागची बाजू

माझी मावशी एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती आणि मी मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवते. म्हणजे फोन आमच्या घराण्यातच आहे म्हणायचा. तरी मावशीचा फोन आला की मी आधी सावध होते, कारण ती सुरुवातच अशी करते: "काही विशेष नाही गं, तू तुझं काम कर."

त्या दिवशी दुपारी साडेचारला तिने हेच म्हटलं. माझ्या हातात एका गिऱ्हाइकाचा उघडलेला फोन, चिमट्यात मुंगीएवढा स्क्रू, आणि मावशी तिच्या जुन्या तारेच्या फोनवरून बोलतेय. तो फोन ती घरातून काढू देत नाही. मोबाईल बंद पडला तर तक्रार करायला कुठला फोन वापरू, असं तिचं म्हणणं. चुकीचं आहे असं कसं म्हणू?

"काय केलंस?" मी विचारलं.

"मी काही नाही केलं. फोनने केलं. सगळी अक्षरं बदलली. वेलबुट्टीसारखं काहीतरी आलंय."

"तू कशाला हात लावला होतास?"

"अक्षरं मोठी करायला गेले होते. तिथे भाषांची यादी निघाली. एक लिपी फार सुंदर दिसली म्हणून बोट लावलं. मग देशांची नावं आली, त्यातलं पहिलं दाबलं. मग त्याने काहीतरी विचारलं, मी हो म्हटलं."

"विचारलेलं वाचलंस का?"

"घाईत होते."

अहाहा! माणसाने काय बोलावं? पण माझा राग गिळावा लागला, कारण पुढचं वाक्य तिने अगदी हळू म्हटलं. "दादा साडेपाचला येतोय."

दादा म्हणजे तिचा मुलगा, माझा मावसभाऊ. माणूस वाईट नाही, पण काळजी दाखवायची त्याची पद्धत म्हणजे वस्तू काढून घेणं. मावशीने एकदा स्क्रीनचा उजेड इतका कमी केला की फोन मेला समजून सगळे हळहळले. नंतर एकदा तिने विमानाच्या चित्रावर बोट ठेवलं आणि दोन दिवस तिचा मोबाईल लागेना. नेमका तेव्हाच तारेचा फोनही बिघडलेला! दादा कामधंदा सोडून धावत आला, तर ही बाल्कनीत कुंड्या धूत बसलेली. तेव्हाच त्याने बजावलं होतं: "आई, आता पुन्हा काही झालं तर साधा बटणांचा फोन. विषय संपला."

बटणांच्या फोनवर बोलता येतं, मग बिघडलं कुठे, असं कुणालाही वाटेल. पण सात नंबरचं काय?

मावशी एक्स्चेंजमध्ये सहा नंबरच्या खुर्चीवर बसायची आणि तिची मैत्रीण सातवर. लग्नं झाली, नातवंडं झाली, तरी दोघी एकमेकींना आकड्यानेच हाक मारतात. चार वर्षांपूर्वी सात नंबरला ऐकू येणं पार बंद झालं. ज्या बाईने आयुष्यभर कानाला हेडफोन लावून दुनियेची बोलणी जोडून दिली, तिचेच कान गेले. तेव्हापासून रोज संध्याकाळी साडेपाचला दोघींचा व्हिडिओ कॉल असतो. मावशी तोंड मोठ्ठं करून बोलते, सात नंबर ओठ वाचते. नाही जमलं तर दोघींकडे पाट्या आहेत, त्यावर लिहून दाखवतात. त्या अर्ध्या तासासाठी मावशी साडी बदलते. मी एकदा चिडवलं तर म्हणाली, "ड्युटीवर अवतारात जातात का?"

बटणांच्या फोनमध्ये सात नंबर दिसणार नव्हती. एवढंच होतं, आणि मावशीसाठी तेच सगळं होतं.

"फोटो पाठव," मी स्क्रू बशीत ठेवून म्हटलं.

"कशाने काढू? फोनचा फोटो फोनच काढणार का?"

तसाही काढता येतो, पण तिला दोन बटणं एकदम दाबायला सांगायची आत्ता माझ्यात ताकद नव्हती. तिने वरच्या मजल्यावरच्या बँडमास्तरांना बोलावलं. हे गृहस्थ लग्नाच्या वरातीत चाळीस वर्षं क्लॅरिनेट वाजवून निवृत्त झालेले. मोबाईल बाळगतात, पण कसा? सापाची टोपली बाळगावी तसा. "मी फोटो काढीन," मावशीने दोघांमध्ये धरलेल्या रिसीव्हरमध्ये त्यांनी आधीच सांगितलं, "दुसऱ्याच्या फोनला हात लावणार नाही."

पहिल्या फोटोत त्यांचा अंगठा होता. दुसऱ्यात मावशीच्या टेबलावरचा चष्मा छान आला होता. तिसऱ्यात सेटिंग्जचा पडदा दिसला, पण तिरका आणि हललेला. मी तो फोटोतल्या मजकुराचं भाषांतर करणाऱ्या अ‍ॅपमध्ये टाकला, तर त्याने मला 'खजूर' आणि 'आदरणीय पंखा' असं उत्तर दिलं.

"मास्तर, श्वास रोखा आणि काढा! क्लॅरिनेट वाजवताना रोखता ना?"

"वाजवताना सोडतो, बाई. रोखला तर वाजेल कसं?"

घ्या! पण चौथा फोटो स्वच्छ आला. भाषा अरबी होती. अ‍ॅपने ओळीओळीचा अर्थ लावला: वरची ओळ अमुक, खालून दुसरी 'सिस्टम'. मला हायसं वाटलं, ते क्षणभरच. मला अर्थ कळून काय उपयोग? मावशीपुढे तर वेलबुट्टीच होती. तिला 'सिस्टम दाब' म्हणणं म्हणजे अंधारात 'ती वस्तू दे' म्हणण्यासारखं. शब्द सोडून जागा आणि चित्रं सांगायला हवी होती.

"मावशी, यादी बोटाने वर सरकव, अगदी शेवटपर्यंत. आता खालून दुसरी ओळ. तिच्या डाव्या टोकाला गोल चित्र आहे बघ."

"डाव्या टोकाला काही नाही."

"असेल गं. सगळ्या ओळींना डावीकडे चित्र असतं."

"अगं, चित्रं उजवीकडे आहेत."

मी फोटो पुन्हा पाहिला. खरंच, चित्रं उजवीकडे, मागे जायचा बाण उजवीकडे, सगळंच उलटं. मी एवढी शहाणी, दहा वर्षं दुकान चालवतेय, आणि मला काय वाटलं असेल? मास्तरांनी आरशातला फोटो काढला!

"मास्तर, आरशात कशाला बघता? सरळ फोनचा काढा की!"

"बाई, या खोलीत आरसाच नाही," मास्तर दुखावलेल्या आवाजात म्हणाले.

तेव्हा माझी ट्यूब पेटली. ही लिपी उजवीकडून डावीकडे लिहितात, म्हणून फोन सगळा पडदाच त्या बाजूने मांडतो. माझ्या मेंदूतलं डावं-उजवं आता कामाचं नव्हतं. मी ओशाळले आणि मावशीला समजावायला लागले, की बघ, जे आपल्याकडे डावीकडे असतं ते—

"कळलं," मावशी मध्येच म्हणाली. "बोर्डाच्या मागे उभं राहायचं."

"काय?"

"अगं, आम्ही बोर्डाच्या पुढे बसायचो, मेकॅनिक मागून तारा जोडायचा. माझं डावं ते त्याचं उजवं. तुझे काका होते मागे. तिसरी रांग, माझ्या डाव्या हाताचं पाचवं भोक, असं मी ओरडले की ते मागून बरोबर तीच तार धरायचे. एक दिवस चुकले नाहीत. आता मी मागे आणि तू पुढे. तू तुझंच डावं-उजवं सांग, फिरवायचं माझ्यावर सोड."

तिचा आवाजच बदलला. आता तो सहा नंबरचा आवाज होता. मी माझा एक फोन समोर ठेवला, त्यात तेच पडदे मराठीत उघडले आणि सांगत गेले. खालून दुसरी ओळ, गोलात अक्षर. दाबलं. आता वरून पहिली, पृथ्वीचा गोळा. दाबलं.

"आणि आता," मी म्हटलं, "तुला काही ओळखीचं दिसेल."

त्या यादीत प्रत्येक भाषा आपल्याच लिपीत लिहिलेली असते. फोन कुठल्याही भाषेत असला तरी तिथे मराठी ही मराठीच.

मग मावशी म्हणाली, "मराठी. दुसऱ्या ओळीत. अगं, इथेच बसलीय की!" आणि तिने नाक ओढलं. मलाही भरून आलं, उगाच कशाला लपवू?

"तिच्या ओळीत माझ्या उजव्या टोकाला बारीक रेघा आहेत. त्यांवर बोट दाबून धर आणि ओळ वर ओढ. बोट उचलू नकोस."

दोनदा ओळ निसटली. तिसऱ्यांदा मराठी वर गेली आणि एक चौकट उघडली, खाली दोन बटणं. मास्तरांनी श्वास सोडत फोटो पाठवला.

"माझ्याकडे होकाराचं बटण उजवीकडे असतं," मी म्हटलं.

"म्हणजे इथे डावीकडचं," मावशी म्हणाली आणि दाबूनही मोकळी झाली.

मराठी आली. चित्रं आपल्या जागी परतली. मास्तरांनी टाळ्या वाजवल्या. साडेपाचला सात मिनिटं होती. "आता ती अरबी यादीतून काढून टाक," मी म्हटलं. तेवढ्यात दाराची बेल वाजली.

दादा लवकर आला होता. मावशीने तारेचा फोन ठेवला नाही, नुसता बाजूला ठेवला, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. पिशवीचा आवाज. मग दादा: "आई, परत काही व्हायची वाट कशाला बघायची? हा बघ, बटणांचा आणलाय. मोठे आकडे आहेत. तो दे माझ्याकडे."

मी मनात म्हटलं, मावशी, आता फक्त चालू फोन दाखव आणि गप्प बस.

"थांब," मावशी म्हणाली. "आज दुपारी मी याची भाषा घालवली होती. सगळा अरबी झाला होता."

मी कपाळावर हात मारला. सांगायची काय गरज होती? निस्तरलं होतं ना!

"बघितलंस? म्हणूनच मी म्हणतो—"

"बोलू नकोस. बघ." आणि माझ्या कानांवर विश्वास बसेना, बँडमास्तर ओरडले, "अहो बाई, परत उलटा केलात!"

तिने दादाच्या डोळ्यांसमोर अरबी ओढून वर नेली होती. मी इकडून ओरडत होते, पण बाजूला ठेवलेल्या रिसीव्हरमधून कुणाला ऐकू जाणार? मग ऐकू आलं ते तिचं पुटपुटणं. "बाहेर येते. दात्यांचं चाक. खाली, खाली. खालून दुसरी, गोल उजवीकडे. पृथ्वी. ही माझी मराठी. रेघा डावीकडे. धर. सोडू नकोस." मध्ये एकदा ती थबकली. "डावीकडचं बटण."

मग दादाचा आवाज आला, लहानपणी यायचा तसा. "आई, हे मलाही आलं नसतं."

"आता पुन्हा झालं तरी घाबरायला नको," मावशी म्हणाली. "पण हा नेऊ नकोस, बाळा. त्यात सात नंबर दिसत नाही. मला तिला बघायचं असतं रे."

नंतर पिशवीचा आवाज पुन्हा आला. या वेळी खोकं आत जात होतं.

एवढं होईपर्यंत साडेपाच वाजून गेले होते. मला फोन ठेवता आला असता, पण नाही ठेवला. व्हिडिओ कॉलची रिंग वाजली, थांबली, आणि दादा मोठ्याने वाचायला लागला. सात नंबरने पाटी धरली होती: 'दहा मिनिटं उशीर. साडी पण तीच. काय झालं?'

खडू कुरकुरला. मावशीने काय लिहिलं तेही दादानेच वाचलं:

'लाईन तुटली होती. मागून जोडली.'