मावशीची सौम्य चक्कर

आमची मावशी शिवणकाम करते आणि कुणाचं ऐकून घेत नाही. गुडघेदुखीच्या नव्या औषधाच्या चाचणीत ती आपणहून गेली होती. पण गोळ्या सुरू झाल्यावर चक्कर येऊन ती गरम इस्त्रीवर पडली. दुसऱ्या दिवशी मला घेऊन ती दवाखान्यात गेली आणि उरलेल्या गोळ्या तिने टेबलावर आपटल्या.

"मला बाहेर पडायचंय. माझी माहिती पुसा, तपासायला घेतलेलं रक्तही फेकून द्या."

चाचणीचं काम बघणारी मुलगी घाबरली, पण खरं बोलली. "बाहेर पडा, मावशी, कारणही सांगू नका. तुमचे नेहमीचे उपचार चालूच राहतील. साठवलेलं रक्त नष्ट करून लेखी कळवू. पण आजवरची नोंद पुसता येत नाही. सही घेताना तसं सांगितलं होतं."

"माहिती माझी आणि मालकी तुमची?" मावशीचा पारा चढला.

"त्रास झालेले सगळे आपली नोंद घेऊन गेले, तर औषध निर्धोक दिसेल. मग पुढचा माणूस पडेल."

मावशीने आवाज खाली आणला. तिचा आवाज खाली आला की मला जास्त भीती वाटते.

"माझं काय लिहिलंयस? वाच."

"सौम्य चक्कर. तुम्हीच काल फोनवर 'जरा चक्कर आली' म्हणालात आणि फोन ठेवलात."

मावशीने बाही वर सरकवली. कोपराखाली इस्त्रीचं अख्खं टोक उमटलं होतं.

"डॉक्टरांना बोलाव," ती खुर्ची ओढून बसली. "पुसायचं नाही ना? मग खरं लिहा. तोवर मी इथून हलत नाही."