‘नाय’ ऐकणाऱ्या काकू

काकूंची सव्वीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडण्यात गेली. समोरचा घाईत आहे की घाबरलाय, हे त्यांना दोन शब्दांत कळायचं. निवृत्तीनंतर घरात जीव रमेना, तेव्हा सदुसष्टाव्या वर्षी त्यांनी दोन खोल्यांच्या एका कंपनीत नोकरी धरली. घरोघरी जाऊन रुग्ण पाहणाऱ्या नर्सना बोलून नोंद करता यावी, असं ॲप तिथे बनत होतं. नर्स काय बोलली आणि यंत्राने काय लिहिलं, हे काकू ताडून पाहायच्या.

एका सकाळी त्या एका वाक्यावर अडल्या. पडद्यावर होतं, ‘आजींना रक्तदाबाची गोळी दिली.’ त्यांनी ते तीनदा ऐकलं आणि कंपनीतल्या तरुण इंजिनिअर मुलीला हाक मारली.

“अगं, ही ‘नाय दिली’ म्हणतेय. तुझ्या यंत्राने ‘नाय’ गिळलं.”

“मला नाही ऐकू आलं, काकू.”

“हेडफोन घाल. ‘गोळी’ला चिकटूनच बोललीय.”

मुलीने ऐकलं आणि तिचा चेहराच उतरला. शोध घेतल्यावर कळलं, यंत्राला शिकवायला वापरलेली बहुतेक वाक्यं कागदावरून वाचलेली होती. बोलीतली ध्वनिमुद्रणं ‘अशुद्ध उच्चार’ म्हणून गाळली होती.

“अशुद्ध कुणी ठरवलं?” काकू म्हणाल्या. “छापल्यासारखं बोलणारा माणूस मला सव्वीस वर्षांत भेटला नाही.”

गाळलेलं सगळं परत घेतलं. शिवाय चाळीस नर्सचं बोलणं कामावर असतानाच टिपलं, पंख्याची घरघर आणि पोरांची रडारड यांसकट. काकूंनी नियम घातला: उच्चार ‘नाय’ असो, ‘न्हाई’ असो की ‘नै’, लिहायचं ‘नाही’, पण न बोललेला शब्द पदरचा घालायचा नाही. त्यावर यंत्राला पुन्हा शिकवलं.

“यंत्राला खात्री नसलेला शब्द पिवळा दाखवू या,” मुलगी म्हणाली.

“दाखव की. पण जो शब्द लिहिलाच नाही, तो पिवळा कसा होणार?”

मग मुलीने औषधाच्या प्रत्येक नोंदीखाली दोन बटणं दिली, ‘दिली’ आणि ‘नाही दिली’. नर्सने स्वतः एक दाबल्याशिवाय नोंद जतन होईना.

यंत्राने कधीच न ऐकलेल्या नर्सच्या आवाजांवर चाचणी झाली. औषध न दिल्याच्या दोनशे वाक्यांत आधी एकतीस ‘नाही’ गळले होते. आता दोनच गळले, आणि तेही बटणांपाशी पकडले गेले.

पुढच्या आठवड्यात ती गोळीवाली नर्स ऑफिसात आली. नेहमीच्या वेगाने तिने आठ-दहा वाक्यं सोडली. पडद्यावर एकच शब्द पिवळा झाला, तोही रुग्णाचं आडनाव.

“बरं झालं,” ती म्हणाली. “आधी मला बातम्या दिल्यासारखं बोलावं लागायचं. तरी ऐकायचं नाय.”

मुलीने काकूंकडे बोट दाखवलं. “यांचे कान आहेत हे.”

काकू खुर्चीत ताठ बसल्या. घरी गेल्यावर मात्र त्यांनी झाडून सगळ्या नातेवाइकांना फोन लावले. धाकट्या बहिणीला तर दोनदा.