खिडकीतल्या माणसाची लांबी

रूपालीने आगगाडी पाहिली नव्हती. डिचोलीच्या त्या क्लासात बसणाऱ्या बहुतेकांनी पाहिली नव्हती. रूळ होते ते तिकडे खाली, वास्को-कुळेच्या बाजूला. कोकणातून येणाऱ्या नव्या रेल्वेसाठी पेडण्याकडे डोंगर फोडायला नुकती सुरुवात झाली होती. तरीही रोज सकाळी बाजारामागच्या खोलीत गाड्या धावत. खांब ओलांडत, फलाट ओलांडत, एकमेकींना ओलांडत. आणि चुकीची ओलांडली की कृष्णनाथ सरांची छडी धावे.

गोव्याचं राज्य होऊन सहा-सात वर्षं झाली होती. सरकारी नोकरीला आता कोंकणी नीट लिहिता यायला हवी होती आणि रूपालीच्या घरी बोलत ती मालवणी. तिचा बाप सखाराम दोडामार्गाकडून मुळगावला आला तो खाणीवर खनिज भरायला. भाऊ प्रवीण त्याच खनिजाचा ट्रक चालवी. शेजारीपाजारी त्यांना अजून ‘भायले’, बाहेरचेच, म्हणत. म्हणून मग केंद्राची परीक्षा, रेल्वेची परीक्षा. तिथे गणित विचारतात, गाव विचारत नाहीत, असं रूपाली म्हणायची.

सर हुशार होते, यात वाद नाही. मुलाच्या पाठीवर काठी मोडली म्हणून शाळेने त्यांना काढलं होतं, तरी लोक आपली मुलं त्यांच्याचकडे पाठवत. ताशी किलोमीटरचे सेकंदाला मीटर करायला ते गुणाकार-भागाकार करूच देत नसत. “अठराचा पाढा येतो ना? मग पाचाचा त्याच्या शेजारी ठेवा. अठराचे पाच, छत्तीसचे दहा, चौपन्नचे पंधरा, बहात्तरचे वीस, नव्वदचे पंचवीस. संपलं.” समोरासमोर येणाऱ्या गाड्या असतील तर वेगांची बेरीज, मागून येऊन पुढे जाणारी असेल तर वजाबाकी. खांबाला फक्त गाडीची लांबी, फलाटाला दोन्हींची. हे सगळं ते एका दमात सांगत आणि दुसऱ्या दमात विचारत. उत्तर तिसऱ्या दमात आलं नाही तर बोटांच्या पेरांवर फटका. साईश नावाच्या मुलाचं नख असंच काळं पडून निघालं होतं.

त्या दिवशी त्यांनी फळ्यावर लिहिलं: दीडशे मीटर लांबीची गाडी ताशी बेचाळीस किलोमीटर वेगाने जात आहे. समोरून ताशी अठ्ठेचाळीसने दुसरी गाडी येते आणि पहिल्या गाडीत खिडकीशी बसलेल्या माणसासमोरून आठ सेकंदांत निघून जाते. दुसऱ्या गाडीची लांबी किती?

“बेरीज नव्वद,” सर म्हणाले. “नव्वदचे पंचवीस. आठ पंचवीस दोनशे. पुढे? रूपाली!”

“दोनशे, सर.”

“दोनशेतून दीडशे कोण वजा करणार? तुझा बाप? पहिल्या गाडीची लांबी कुठे गेली?”

“ती लागत नाही, सर.”

रूपालीला वाटलं, आता बसावं. पण हे तिने आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं होतं. प्रवीणच्या ट्रकात ती कितीदा केबिनच्या खिडकीशी बसून डिचोलीला आली होती. समोरून खनिजाच्या ट्रकांची रांग यायची. पहिल्याचं नाक आपल्या नाकासमोर आल्यापासून शेवटच्याची फळी जाईपर्यंतच मोजायचं. आपला स्वतःचा ट्रक केवढा आहे, याचा त्यात काय संबंध?

“सर, दोन गाड्या एकमेकींना ओलांडतात असं असतं तर दोन्ही लांब्या धरल्या असत्या,” ती म्हणाली. “इथे माणूस बसलाय. माणसाला लांबी नसते.”

त्यांनी छडी उचलली नाही. उघड्या हाताने, पूर्ण ताकदीने तिच्या डाव्या कानावर चपराक मारली. रूपाली बाकावरून खाली आली. एक बारीक शीळ सुरू झाली आणि बाकी सगळा आवाज बंद. गळ्यापाशी गरम काहीतरी ओघळलं. बोट लावून बघितलं तर रक्त.

“पन्नास,” सरांचे ओठ हललेले तिला दिसले. “उत्तर पन्नास.”

घरी आल्यावर ती म्हणाली, पडले. पण साईशची आई बाजारात बोलली आणि दुपारच्या आत प्रवीणला कळलं. त्याने जेवणाचं ताट ढकललं आणि ट्रकातून टॉमी काढली, टायर खोलायची ती लोखंडी पहार.

“खंय चललंस?” आईने, मालतीने, दार अडवलं.

“मास्तराक गणित शिकवूक.”

रूपाली त्याच्यामागे धावली. कानाला कापूस, डोक्याला फडकं, अर्ध्या वाटेवर तोल जाऊन दोनदा पडली. ती पोचली तेव्हा प्रवीण आणि त्याचे तिघे ड्रायव्हर मित्र आत होते. फळा दोन तुकडे होऊन पडला होता. सर भिंतीला टेकून उजवा हात पुढे धरून उभे होते, आणि प्रवीणने त्या हातावर टॉमी मारली. हाड मोडल्याचा आवाज रूपालीला उजव्या कानाने ऐकू आला. सर ओरडले नाहीत. गुडघ्यावर बसले आणि ओकले.

“पुरे, प्रवीण! पुरे रे!”

पण तोपर्यंत बाहेर माणसं जमली होती. “भायले येवन आमच्या मास्तराक मारतात!” कुणीतरी ओरडलं, आणि मग ते मास्तराचं राहिलंच नाही. दुकानातल्या काठ्या, वजनं, सोड्याच्या बाटल्या. प्रवीणच्या डोक्यात वजन बसलं आणि तो पायरीवर कोसळला, तरी त्याला लाथा मारणं थांबेना. रूपाली त्याच्या अंगावर आडवी पडली. एक लाथ तिच्या बरगडीत बसली. मारणारा कोण होता, हे तिने पाहिलं: रोज तिला पाव देणारा पोदेर. त्यानेही तिला ओळखलं आणि पाय मागे घेतला. मग पोलीस आले.

प्रवीणच्या डोक्याला टाके पडले आणि त्याच्यावर खटला उभा राहिला. सखारामने लेकीकडून सरांविरुद्धही तक्रार लिहून घेतली. पोलीस ठाण्यात सर हात गळ्यात बांधून बसले होते. फौजदाराने विचारलं, “का मारलं हिला?” सर म्हणाले, “उलट उत्तर दिलं. तेही चुकीचं.”

पाचसहा दिवसांनी मुळगावच्या घरी सरांची बायको आली. कमलाक्षी तिचं नाव, माहेर इब्रामपूरचं. मालतीने तिला पाणी दिलं, पण बस म्हटलं नाही. ती ओट्याच्या खांबाला टेकून उभी राहिली.

“तक्रार मागे घे,” ती रूपालीला म्हणाली. “ते तुझ्या भावावरची घेतील. तसं सांगायला पाठवलंय मला.”

“उत्तर कुणाचं बरोबर, ते त्यांनी फळ्यावर लिहावं. मग घेते.”

कमलाक्षी हसली, पण ते हसू तिच्या ओठाच्या खपलीला लागलं असावं, कारण तिने लगेच तोंड दाबलं. मग पदर खांद्यावरून सरकवला. दंडावर जांभळे वळ होते, काही जुने, पिवळे पडलेले.

“फळ्यावर कशाला? काल त्यांनी डाव्या हाताने कागदावर केलं ते. परत केलं, परत केलं. दोनशेच आलं. मग त्याच डाव्या हाताने मला मारलं. तू निदान उत्तर तरी दिलंस, बाये. मी नुसती चहा घेऊन गेले होते.”

रूपालीच्या कानातली शीळ मोठी झाली. तिला वाटलं होतं, त्या माणसाला आपलं म्हणणं समजलं नाही. समजलं होतं. समजलं म्हणूनच मारलं होतं.

“मी मागे घेणार नाही,” ती म्हणाली. “तुम्हीही त्या घरी परत जाऊ नका.”

“आणि तुझा भाऊ?”

ओसरीवर प्रवीण डोकं बांधून पडला होता. तो म्हणाला, “माका जाऊ दे तुरुंगात. माझ्या नावान मागे घेव नको.”

कमलाक्षी त्या दिवशी डिचोलीला, नवऱ्याकडे, परत गेलीच नाही. तिच्या भावाने, गुरुदासने, तिला इब्रामपूरला नेलं. ठाण्यात तिनेही जबाब दिला. प्रवीणला काही महिन्यांची कैद झाली. सरांना दंड झाला आणि त्यांचा क्लास बंद पडला.

परीक्षा तोंडावर होती आणि मुलांना मास्तर नव्हता. आधी साईश आला, मग गौरवी, मग बाकीची. मुळगावच्या ओसरीवर रूपाली शिकवायला बसली. डाव्या बाजूच्याचं ऐकू येत नसे, म्हणून सगळ्यांना उजवीकडे बसवी. तिने एकच सवय लावली: आकडे बघायच्या आधी विचारायचं, मोजणारा कुठे उभा आहे? खांबापाशी, फलाटावर, की गाडीत बसलेला? काय पूर्ण जायला हवं? तेवढीच लांबी घ्यायची. मग दिशा, मग अठराचा पाढा. प्रश्नात दिलेला प्रत्येक आकडा वापरायलाच हवा असं नाही, काही आकडे आपल्याला पाडण्यासाठीच ठेवलेले असतात.

लेखी परीक्षेत ती पास झाली. चौघंजण झाली. स्टेशनवरच्या जागेसाठी वैद्यकीय तपासणी होती. डॉक्टर तिच्या डाव्या बाजूला जाऊन कुजबुजला आणि ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. त्याने कागदावर काहीतरी लिहिलं. साईशला नोकरी लागली, तिला नाही.

रेल्वे आली तेव्हा ती पेडण्याला गेली. तिथे भाड्याची खोली घेऊन तिने क्लास काढला आणि तो चालला. प्रवीणला ट्रकावर पुन्हा कुणी घेतलं नाही. मधूनच त्याला झटके येत. तो तिच्याकडेच राहू लागला, बाकं लावी, फळा पुसे.

एकदा म्हापशाच्या बसस्टँडवर कृष्णनाथ सर तिच्यासमोर आले. केस पांढरे, उजवं मनगट वाकडं जुळलेलं. इकडेच कुठेतरी त्यांनी पुन्हा क्लास काढल्याचं तिने ऐकलं होतं.

“पेडण्याला तुझं नाव आहे म्हणतात,” ते म्हणाले. “शेवटी मार खाल्लेली मुलंच पुढे जातात, बघ.”

रूपालीने पिशवी खाली ठेवली आणि त्यांच्या गालावर चपराक मारली. लोक वळले. सरांचा चष्मा उडून कुणाच्यातरी पायाखाली आला. ते वाकून काचा वेचू लागले, आणि त्या वाकलेल्या पाठीत लाथ घालावी असं तिला इतकं वाटलं, की तिने शेजारचा खांब दोन्ही हातांनी धरला. मग पिशवी उचलून ती बसमध्ये चढली. बरं वाटेल असं तिला वाटलं होतं, ते वाटलं नाही. वाईटही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी पंजा सुजला होता. खडू धरवेना, म्हणून तिने पहिल्या बाकावरच्या तेजस्विनीला फळ्यापाशी उभं केलं आणि स्वतः सांगत राहिली.

“लिही. एकाच दिशेने दोन गाड्या, बहात्तर आणि चौपन्न. वेगवान गाडी शंभर मीटर, संथ दीडशे. पूर्ण ओलांडायला किती?”

“वजाबाकी अठरा, म्हणजे पाच,” मुलं म्हणाली. “अडीचशे भागिले पाच. पन्नास सेकंद.”

“आता संथ गाडीत खिडकीशी एक बाई बसली आहे. तिच्यासमोरून वेगवान गाडी जायला?”

कुणी पन्नास म्हणालं, कुणी तीस. मागच्या बाकावरून स्वप्नील काहीतरी बोलला, पण ते डाव्या बाजूने आलं. रूपाली पूर्ण वळली आणि म्हणाली, “मोठ्याने सांग.”

“वीस, बाई. फक्त शंभर मीटर धरायचे.”

“का?”

तो उभा राहून सांगू लागला.