नावाडी आणि चांदणी एका अंकात

शिळाप्रेसचा दगड घासला की जुनं चित्र पुसून जातं. किस्से मात्र साचतच जातात!

निजामी गेल्यानंतरची गोष्ट. गुलबर्ग्यात आम्ही तिघं चित्रांच्या गोष्टींच्या पुस्तिका छापायचो. नागप्पाअण्णाचा ‘भीमू नावाडी’ अफजलपूरकडं वाचला जायचा. शांताअक्काची ‘चांदणी’, हातात उजेड घेऊन माळावर हिंडणारी पोर, मंठाळच्या बाजूला. मी चित्रांतल्या बोलण्याच्या फुग्यांत अक्षरं लिहायचो. एक दिवस ठरलं: दोघांना एका जोडअंकात आणायचं!

*

पहिल्याच चौकटीत भीमू आणि चांदणी गप्पा मारायला लागले. मंठाळचा एक शिंपी कच्चं पान बघून म्हणाला, “चांदणी ठावं हाय. पर ह्यो बाप्या कोण? कामून हसायलाय?”

मग अक्कानं पान फाडलं. नव्या पानावर भीमू आधी एकटाच होडी वल्हवतो, चांदणी एकटीच माळ तुडवते. भेटल्यावर तो विचारतो, “कोण गं तू?” नव्या वाचकाचा प्रश्न भीमूच्याच तोंडी!

*

गोष्टीत जिंकायचं कुणी, भीमूनं की चांदणीनं, यावरून अण्णा-अक्काचं बोलणं बंद झालं. चार दिवस अण्णा भिंतीकडं तोंड करून चित्रं काढायचा. शेवटी अक्काच बोलली, “धुकं आणू. गावं गिळणारं. तुझ्या होडीला वाट दिसंना, माझ्या पोरीला नदी ओलांडता येईना.”

अण्णा वळला. “म्हंजे दोघं लागतेत?”

“व्हय, येड्या!”

*

“गेल्या पुस्तिकेत तुझी होडी फुटली ना? मग भीमू आला कशात?” अक्कानं विचारलं.

“पोहत!”

मी अण्णाला एका चौकटीत भीमू होडीला फळी ठोकताना काढायला लावला. खाली बारीक अक्षरात: ‘होडी कशी फुटली, ते मागच्या पुस्तिकेत.’ ज्याला हवं त्यानं शोधावं. न वाचणाऱ्याला फळी पुरे.

*

धुक्याचा गुंता जोडअंकातच सुटायचा, हे पक्कं होतं. दोघांच्या पुढच्या पुस्तिकांत फक्त ज्याची त्याची बाजू: भीमूला पाण्यावर उजेड कसा दिसला, चांदणीला वल्ह्याचा आवाज कसा आला. पण अण्णाच्या चित्रात तिचा उजेड डाव्या हातात, अक्काच्या चित्रात उजव्या! छापखान्याचे मालक करीमभाई हसले, “नक्को भांडू! बीचमें हात बदली, बोलो!”

अक्कानं खरंच एक चौकट वाढवली. चांदणी दमून हात बदलते. तीच चौकट पुढं लोकांना सगळ्यात आवडली.

*

जोडअंक निघाला. गोष्टीत धुकं विरलं, भीमू आणि चांदणी आपापल्या वाटेनं गेले. काही दिवसांनी मादन हिप्परग्याहून एक म्हातारी बसनं आली. नातीनं तिला तेवढाच अंक वाचून दाखवलेला.

“दोघं निघून गेली, ते कळलं,” ती म्हणाली. “आमच्या गावावरनं कोण जाणार?”

अण्णा हळूच म्हणाला, “अव्वा, तुमच्याकडं नदी न्हाई.”

“न्हाईच की.” तिनं पदर सावरला. “मग त्या उजेडवाल्या पोरीलाच पाठवा. दार उघडंच ठिवलंय.”