दहापैकी तीन

आमच्या इमारतीच्या फाटकावर अकरा वर्षं काम केलेल्या वॉचमनला सगळे ‘मास्तर’ म्हणायचे. शाळेत शिकवलं होतं मी, त्याने नव्हे. पण रजिस्टरातलं त्याचं अक्षर मोत्यासारखं, म्हणून नाव त्याला पडलं. पूर्वी तो यंत्रमागाच्या कारखान्यात फिटर होता. कारखाना बंद पडला आणि तो एजन्सीमार्फत आमच्याकडे आला. अकरा वर्षांत त्याने सहा दिवस सुट्टी घेतली, त्यातले चार मुलीच्या लग्नाचे.

सोसायटीची सेक्रेटरी म्हणून दर सहा महिन्यांनी एजन्सीचा एक कागद मला भरावा लागे. हजेरी, सतर्कता, सौजन्य, येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद : चार खाने, प्रत्येकी दहा गुण. एका खान्यात चारपेक्षा कमी पडले की माणूस फाटकावरून हटवायचा, असा त्यांचा नियम. मी आपली चारही ठिकाणी नऊ ठोकून मोकळी व्हायची. जन्मभर पोरांचे पेपर तपासले, पण या कागदाकडे कधी धड पाहिलं नाही.

या खेपेला तो कागद आला, त्याच्या आदल्या दिवशी भर दुपारी एक माणूस फिल्टर दुरुस्तीच्या नावाने दुसऱ्या मजल्यावर गेला. तिथल्या आजी एकट्याच होत्या. त्याने त्यांना ढकललं, हातातला फोन हिसकावला आणि पळाला. आजींचं मनगट मोडलं.

पोलीस येऊन गेल्यावर मी रजिस्टर घेऊन बसले. त्या माणसाची नोंद होती, पण अक्षर मास्तरचं नव्हतं. मागची पानं चाळली. दोन महिन्यांत प्रत्येक नोंदीचं अक्षर निराळं. म्हणजे येणारे आपलं नाव आपणच लिहीत होते. वर फोन करून विचारल्याची खूणही कुठे नव्हती.

मी केबिनमध्ये गेले. मास्तर उठून उभा राहिला.

“बसा. हे कोणी लिहिलं, वाचता का जरा?” मी पान पुढे केलं.

त्याने वही जवळ घेतली, लांब धरली, पुन्हा जवळ घेतली. मग हळूच मिटून ठेवली.

“बाई, डोळ्यांपुढे बाजूचं सगळं काळं झालंय. मधलं दिसतं, तेही धुरकट. डॉक्टर म्हणाले, गेलंय ते परत यायचं नाही. थेंब घालून उरलेलं टिकवायचं.”

“कधीपासून?”

“घरातल्याच भिंतीला पहिल्यांदा धडकलो, तेव्हापासून म्हणा.” तो हसायला गेला, पण जमलं नाही. “फोनवरची बटणं चाचपून दाबायचो. दोनदा भलत्याच घरी लागला. लोक चिडले. मग सोडूनच दिलं.”

“मला सांगायचं ना!”

“सांगितलं असतं तर ठेवलं असतंत?”

मी रजिस्टर टेबलावर सरकवलं.

“आजी कशा आहेत?” त्याने विचारलं. “मी त्याला विचारलं होतं, कोणाकडे म्हणून. तो बोलला इतकं गोड, बाई. चेहरा मात्र दिसला नाही.”

रात्रभर मला झोप नाही. कमिटीतले दोघं म्हणाले, “जाऊ द्या, नऊ द्या, माणूस चांगला आहे.” अध्यक्ष म्हणाले, “शून्य द्या, एका म्हाताऱ्या बाईचा हात मोडलाय.” दोन्ही बाजूंचं खरं होतं, त्यातच माझी पंचाईत झाली.

सकाळी एजन्सीचा सुपरवायझर आला. मास्तर समोरच उभा. मी लिहिलं : हजेरी दहा. सौजन्य दहा. मग पेन थांबलं.

“खरं तेच लिहा, बाई,” तो म्हणाला. “आज खोटं लिहिलंत तर मला उद्या त्या फाटकावर उभं राहावं लागेल. पुन्हा असा कोणी आला, तरी मला दिसायचा नाही.”

सतर्कता तीन. नोंद दोन. खाली शेऱ्यात मी लिहिलं : मागचे सारे गुण मी न तपासता दिले होते, चूक माझीही आहे. सुपरवायझरने तो शेरा वाचला आणि कागद फाइलमध्ये घातला.

मास्तरने शिट्टी, टॉर्च आणि रजिस्टर टेबलावर मांडलं. पोच म्हणून सही करायची होती. कुठे करायची ते त्याला दिसेना. मी त्याचं बोट धरून रेघेवर ठेवलं. सही वाकडी आली, त्याची त्यालाच लाज वाटली.

पुढे एजन्सीने त्याला गणवेशाच्या गोदामात घड्या घालायच्या कामावर घेतलं. एकदा मी त्याच्या घरी गेले. बायकोने दारातच सांगितलं, “ते झोपलेत.” आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मी आणलेली फळं तिच्या हातात दिली आणि परत फिरले.

आजींचं प्लास्टर निघालं. त्यांनी मला विचारलं, “मास्तर कुठे गेला गं? माझ्यामुळे जावं लागलं, म्हणून तो माझ्यावर रागावला नाही ना?”