दोन्ही बाजूंनी उघडणारं कार्ड

नांदेडला माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, वाढदिवसाचे फ्लेक्स, जे येईल ते करते. माहेर नायगावकडचं, शेतकऱ्याचं, त्यामुळे गिऱ्हाईक कितीही मोठं असलं तरी मी आवाज खाली घेत नाही. लोक म्हणतात, बाईचं काम चोख, तोंड फटकळ. दोन्ही खरं आहे.

एक दिवस दुपारी देवणीचा एक पोरगा आला. पंचविशीचा असेल, मोटार रिवायंडिंगचं काम करणारा. त्याला एक कार्ड छापून हवं होतं, एकच, निम्मं उर्दूत आणि निम्मं मराठीत. मी म्हटलं, "एका कार्डासाठी देवणीहून नांदेड? उदगीरला दुकानं बंद पडली का?"

"उदगीरला छापलं तर ताई, कार्ड तिला पोचायच्या आधी गावात पोचल."

ती म्हणजे त्याची होणारी बायको. साखरपुडा झाला होता. मुलगी नांदेडची, उर्दू शाळेत शिकलेली. हा सगळं शिक्षण मराठी शाळेत केलेला, घरी दखनी बोलणारा, पण उर्दूचं एक अक्षर न येणारा. फोनवर ती एकदा सहज बोलून गेली होती, की तुमच्या घरात माझं लिहिलेलं वाचणारं कुणीच नाही. त्यानंतर तिचं बोलणं कमी झालं होतं. हे सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता, टेबलावरच्या स्टेपलरशी खेळत होता.

मग त्यानं गुपचूप उर्दू शिकायला घेतलं होतं. पिशवीतून कायदा काढून दाखवला, लहान मुलांची अक्षरओळख असते ना, तो. कार्डावरचा मजकूर त्यानं स्वतः मोबाईलवर टाईप केला होता. मराठी मी वाचलं: 'तू लिहिशील ते मी वाचीन. हळू वाचीन, पण दुसऱ्या कुणाकडून वाचून घेणार नाही.' उर्दूतही तेच होतं म्हणे.

मला एकदम भरून आलं. माझ्या नवऱ्यानं मला आजवर किराणा सामानाच्या पलीकडे काही लिहिलेलं नाही.

मी मजकूर कॉपी केला आणि माझ्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला. मराठी नीट आलं नाही, वेलांट्या भलत्याच अक्षरावर जाऊन बसल्या. ते मी माझ्या नेहमीच्या फॉन्टमध्ये पुन्हा टाईप करून घेतलं. उर्दू मात्र मला छान दिसलं. काळं, रेखीव, टिंबं टिंबं. मी ते मधोमध घेतलं, सुंदर किनार दिली आणि म्हटलं, "बघ, झालं."

तो स्क्रीनजवळ आला. कायदा उघडला. एक बोट कायद्यावर, एक स्क्रीनवर. बराच वेळ तसंच जुळवत बसला. मला दुसरी कामं होती, मी म्हटलं, "अरे, शेजारच्या गल्लीत उर्दू शाळेचे सर राहतात. त्यांना दाखवू, दोन मिनिटांत सांगतील."

"न्हाई ताई. दुसऱ्याकडून वाचून घेतलं तर लिहिलेलं खोटं झालं की."

म्हणजे ज्याला नीट वाचता येत नाही त्यानंच प्रूफ तपासायचं, आणि चुकलं तर ज्या मुलीला खात्री द्यायची तिच्याच हातात ती चूक जाणार. मी चहा मागवला.

चहा संपता संपता तो म्हणाला, "ताई, अक्षरं सुटलीत. ह्यांनी एकमेकांचा हात धरायला पाहिजे. अन् पहिलं अक्षर हिकडं उजवीकडं पाहिजे, ते तिकडं टोकाला जाऊन बसलंय."

खरं होतं. माझ्या सॉफ्टवेअरला उजवीकडून लिहिणं ठाऊकच नव्हतं. त्यानं प्रत्येक अक्षर सुटं केलं होतं आणि ओळ उलटी लावली होती. मला ते सुंदर वाटत होतं, कारण मला ते वाचता येत नव्हतं.

मग आम्ही दोघं नेटानं कामाला लागलो. दुसऱ्या कॉम्प्युटरवर उर्दूचं सॉफ्टवेअर आहे, उर्दू पत्रिकेचं काम येतं तेव्हा ऑपरेटर येऊन बसतो आणि सगळं तोच बघतो; एका कार्डासाठी त्याला कशाला बोलवा, म्हणून मी तिकडे वळलेच नव्हते. त्यात मजकूर घेतला, ओळीची दिशा उजवीकडून ठेवली, उर्दूचा नेहमीचा तिरका, नस्तालीक फॉन्ट दिला. अक्षरं आपोआप जुळली आणि प्रत्येक शब्द उजवीकडून डावीकडे उतरत आला. दोन ओळींत मराठीइतकंच अंतर ठेवलं तर खालच्या ओळीची टिंबं वरच्या ओळीत घुसत होती, म्हणून अंतर वाढवलं. अक्षरही मोठं घेतलं, कारण मराठीच्या मापात ते चिमुकलं दिसत होतं. त्यानं पुन्हा बोट ठेवून सगळं वाचलं, ओठ हलवत. मग मी त्या ओळींचं चित्र करून माझ्या फाईलमध्ये आणलं, म्हणजे आता अक्षरं सुटायची भीती नाही.

प्रिंट काढली, घडी घातली, त्याच्या हातात दिली. पुढे मराठीत तिचं नाव, आत दोन्ही मजकूर एकाखाली एक, आणि मागे आमच्या रिवाजाप्रमाणे दुकानाचं नाव, जाहिरातीची ओळ आणि मोबाईल नंबर.

त्यानं ते हातात घेतलं आणि कायदा उघडतात तसं उघडायला गेला. म्हणजे उलटं. समोर आलं माझं दुकान.

"ताई," तो म्हणाला, "ती असंच धरल."

मी कपाळावर हात मारला. इतकी वर्षं कार्डं छापतेय, पण उर्दू वाचणाऱ्याची पुढची बाजू ही आपली मागची बाजू असते, हे डोक्यातच आलं नव्हतं. बिचारीनं धडधडत्या काळजानं कार्ड हातात घ्यायचं आणि पहिलं वाचायचं काय, तर 'येथे फ्लेक्स बनवून मिळेल'. आम्ही दोघं इतकं हसलो की बाहेर उभं असलेलं गिऱ्हाईक आत डोकावलं.

दुकानाचं नाव काढून टाकलं. त्या जागी उर्दूत तिचं नाव घातलं. आता कार्डाला मागची बाजूच उरली नाही. डावीकडून धरलं तर मराठी कार्ड, उजवीकडून धरलं तर उर्दू. आतही एकाखाली एक काढून समोरासमोर केलं. मराठी डाव्या पानावर, डाव्या कडेपासून सुरू. उर्दू उजव्या पानावर, उजव्या कडेपासून सुरू. दोन्ही ओळी घडीच्या दिशेनं चालत येत होत्या. हे मी काही ठरवून केलं नव्हतं, लिप्यांनीच तसं करून घेतलं. तो बघत राहिला. मीही.

कार्ड घेऊन तो गेला. पुढे काय झालं याची मला काळजी लागून राहिली होती, खोटं कशाला बोलू? कुठे एखादं टिंब चुकलं असलं तर? आम्हा दोघांच्या अर्ध्यामुर्ध्या ज्ञानावर तिचा विश्वास टांगलेला होता.

महिन्याभरानं तो पुन्हा आला. ते कार्ड त्याच्या शर्टाच्या खिशात होतं. तिनं ते परत पाठवलं होतं. पण आत उर्दू मजकुराखाली तिनं निळ्या पेनानं स्वतःच्या हातानं दोन ओळी लिहिल्या होत्या. हाताचं अक्षर, छापलेल्यासारखं सरळ नव्हे. घाईत लिहिलेलं, एकात एक गुंतलेलं.

"उदगीरपासून एसटीत वाचायलोय ताई. एक शब्द लागंना."

मी यावेळी सरांचं नाव काढलं नाही. त्याला खुर्ची दिली, टेबलावरचा दिवा लावला आणि माझ्या कामाला लागले. बाहेर गिऱ्हाईकं येत-जात होती. तो बोट ठेवून बसला होता. मध्येच बोट थांबलं, मागे गेलं, पुन्हा पुढे सरकलं.

मग त्यानं मान वर केली. कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला होता.

"लागला का शब्द?" मी विचारलं.

"हाव."

"काय लिहिलंय?"

"ते न्हाई सांगता येत ताई," तो म्हणाला आणि माझ्याकडे पेन मागितलं. तिच्या ओळींखाली थोडी जागा उरली होती. त्यानं कार्ड नीट सरळ ठेवलं आणि उजव्या कडेपासून लिहायला घेतलं.